आठ खरे, दोन खोटे: माफीच्या साक्षीदारावर कोर्ट कितपत विसंबतं?

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा कोर्टाच्या व्हरांड्यात एका बाईंनी मला गाठलं. त्यांचा मुलगा लूटमारीच्या एका केसमध्ये आत होता आणि त्याच केसमधला दुसरा आरोपी त्या सकाळी माफीचा साक्षीदार झाला होता. बाईंच्या हातात पिशवी, पिशवीत डबा. तो डबा मुलापर्यंत पोचलाच नव्हता. त्या म्हणाल्या, "वकील साहेब, तो सोताच म्हनते का मी होतो तिथं. मंग त्याले सोडून देतात अन् त्याच्या म्हनन्यावरून माह्या पोराले आत टाकतात? हा कोनता न्याय हाये?"

माझा पुकारा होणार होता, म्हणून मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून आत पळालो. पण प्रश्न अगदी बरोबर होता आणि त्याला नीट उत्तर आहे. ते उत्तर शंभराहून अधिक वर्षं घासूनपुसून तयार झालंय आणि त्यातला एक मोठा वाटा नागपूरच्या एका न्यायाधीशाचा आहे. ते इथे सावकाश मांडतो.

आधी बाईंचा एक गैरसमज. माफीचा साक्षीदार म्हटलं की लोकांना वाटतं, त्याला त्याच दिवशी घरी सोडलं. तसं नाही. जो स्वतः गुन्ह्यात सामील होता, त्याला कोर्ट एका अटीवर माफी देऊ करतं: या गुन्ह्याबद्दल जे काही ठाऊक आहे ते सगळं आणि खरं सांगायचं, स्वतःचा भागही लपवायचा नाही. ही माफी पोलिस देत नाहीत, न्यायदंडाधिकारी किंवा सेशन कोर्ट देतं आणि का देतोय याची कारणं लिहून ठेवतं. आधीपासून जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत त्याला तुरुंगातच राहावं लागतं. त्यानं अट मोडली, काही दडवलं किंवा खोटं सांगितलं, तर सरकारी वकील तसा दाखला देऊ शकतात आणि मग त्याच्यावर मूळ गुन्ह्याचा वेगळा खटला चालतो. हे सगळं आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ ते ३४५ मध्ये आहे. आधी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३०६ ते ३०८ मध्ये होतं.

म्हणजे हा माणूस साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहतो तेव्हा त्याच्या डोक्यावर दोन तलवारी असतात. खरं सांगितलं नाही तर माफी जाते. पण सरकार पक्षाला पटेल असं सांगितलं नाही तर माफी जाईल, ही भीतीही त्याच्या मनात असतेच. त्याच्या या दुसऱ्या भीतीमुळेच कोर्ट त्याच्याकडे संशयानं बघतं.

कायद्यात याबद्दल दोन गोष्टी दोन वेगळ्या जागी लिहिल्या होत्या. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १३३ म्हणायचं की गुन्ह्यातला साथीदार साक्ष द्यायला पात्र आहे आणि त्याच्या एकट्याच्या, पुष्टी नसलेल्या साक्षीवर शिक्षा झाली तरी तेवढ्यामुळे ती शिक्षा बेकायदा ठरत नाही. आणि त्याच कायद्याच्या कलम ११४ खालचं उदाहरण (ब) म्हणायचं की महत्त्वाच्या तपशिलांत पुष्टी मिळत नसेल तर साथीदार विश्वासाला पात्र नाही, असं कोर्ट गृहीत धरू शकतं. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं, एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलं.

परभणी जिल्ह्यातल्या मानवत इथल्या हत्याकांडाचा खटला सुप्रीम कोर्टात गेला. १९७२ ते १९७४ या काळात तिथे दहा खून झाले होते आणि खटल्यात माफीच्या साक्षीचा मोठा आधार घेतला होता. १९७७ च्या निकालात न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी सांगितलं की या दोन कलमांत विरोध नाही. एक कलम काय चालतं ते सांगतं, दुसरं काय करणं शहाणपणाचं आहे ते सांगतं. पुष्टीशिवाय दिलेली शिक्षा बेकायदा नाही, पण ती देणं इतकं धोक्याचं आहे की अगदी अपवाद सोडला तर कोर्ट ती देत नाही. सावधगिरीची ही सवय इतकी पक्की झालीय की तिला कायद्याच्या नियमाचंच बळ आलंय. वकिलांच्या बोलण्यात तिला सावधगिरीचा नियम म्हणतात.

पण सावधगिरी नेमकी कशाबद्दल? माणूस गुन्हेगार आहे म्हणून खोटं बोलतो, इतकं सोपं ते नाही. १९४९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टापुढे, ओडिशातल्या एका खुनाचं अपील आलं होतं. निकाल लिहिला सर जॉन बोमंट यांनी, जे पूर्वी मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांनी जो धोका दाखवला तो मला फौजदारी कायद्यातल्या सगळ्यात नेमक्या निरीक्षणांपैकी एक वाटतो. ते म्हणाले, साथीदाराच्या वाईट चारित्र्याहून मोठा धोका हा की तो सांगतो ती गोष्ट ढोबळमानानं खरीच असते. तो तिथे होता, त्यानं पाहिलं, त्याला सगळं माहीत आहे. म्हणून त्या खऱ्या गोष्टीत एखादं खोटं बेमालूम बसवणं त्याला सोपं जातं. तो दहा जणांची नावं घेईल, त्यातल्या आठांबद्दलचा प्रत्येक तपशील खरा असेल आणि उरलेले दोन त्यानं जुन्या वैरापोटी घुसवलेले असतील.

आता याचा अर्थ उलगडून बघा. साक्षीदारानं सांगितलं की खून अमुक विहिरीजवळ झाला, अमुक हत्यारानं झाला, आणि शवविच्छेदन, पंचनामा, जप्ती सगळं त्याच्याशी जुळलं. सामान्य माणूस म्हणेल, बघा, खरं बोलतोय. पण हे सगळं जुळणारच, कारण तो तिथे होता. त्यानं खून पाहिलाय, हे त्यावरून सिद्ध झालं. त्याच्यासोबत अजून कोण होतं, हे त्यावरून सिद्ध होत नाही. म्हणून पुष्टी लागते ती फक्त गुन्ह्याला नाही. ती प्रत्येक आरोपीला गुन्ह्याशी जोडणारी लागते आणि प्रत्येकासाठी वेगळी लागते.

हा विचार १९१६ साली इंग्लंडमध्ये बास्करव्हिल खटल्यात पक्का झाला होता. आपल्याकडे तो ज्यांनी अगदी स्वच्छ मांडला ते न्यायमूर्ती विवियन बोस. बोस आधी नागपूर हायकोर्टाचे न्यायाधीश, मग १९४९ ते १९५१ मुख्य न्यायाधीश, आणि तिथून सुप्रीम कोर्टात गेले. आज ज्या दगडी इमारतीत मुंबई हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ बसतं, तिथलेच. १९५१ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी राजस्थानातल्या एका अपिलात पुष्टी कशी असावी ते सांगितलं. साक्षीतल्या प्रत्येक बाबीला पुष्टी लागत नाही, तसं असतं तर साक्षीदाराची गरजच काय? पण जी पुष्टी असेल ती आरोपीला गुन्ह्याशी जोडणारी हवी. ती स्वतंत्र माणसाकडून किंवा स्वतंत्र वस्तूकडून यावी, म्हणजे सहसा एका साथीदाराला दुसऱ्या साथीदाराची पुष्टी चालत नाही. आणि ती प्रत्यक्ष पुरावा असायलाच हवी असं नाही, परिस्थितीजन्य पुरावाही पुरतो. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली, ती खालच्या कोर्टांसाठी फार महत्त्वाची आहे: हा सावधगिरीचा नियम न्यायाधीशाच्या मनात होता हे निकालपत्रात दिसलं पाहिजे, आणि पुष्टीशिवाय चालेल असं त्यांना वाटलं असेल तर का वाटलं तेही लिहिलं पाहिजे.

(तो खटला एका लहान मुलीवरच्या अत्याचाराचा होता, म्हणून इथेच एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. अत्याचार झालेली मुलगी किंवा स्त्री ही गुन्ह्यातली साथीदार नव्हे. तिच्या साक्षीला साथीदाराच्या साक्षीची फूटपट्टी लावायची नाही. हे सुप्रीम कोर्टानं १९९० साली नागपूरच्याच एका प्रकरणात, जिथे आरोपी पोलिस उपनिरीक्षक होता, स्पष्ट केलं. खंडपीठानं त्याला सोडलं होतं, सुप्रीम कोर्टानं त्याला दोषी ठरवलं.)

आता एक केस धरून चालू. ही मी रचलेली आहे, पण यातला प्रत्येक तुकडा सेशन कोर्टात रोज दिसतो.

समजा, मिरचीचा हंगाम आहे. कळमना मार्केटमधल्या एका अडत्याचे मुनीमजी संध्याकाळी ८ लाख ४० हजारांची रोकड घेऊन स्कूटरवर इतवारीकडे निघतात. वाटेत एका बोळात त्यांना अडवून डोक्यावर वार करतात. ते जागीच जातात, पिशवी गायब. दहा दिवसांत पोलिस चौघांना पकडतात. ऑटोवाला दिनेश, अडतीत हिशेबाला असलेला सुरेश, तिथेच हमाली करणारा बबन आणि घटनास्थळाजवळच्या वस्तीत राहणारा प्रकाश. दिनेश न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे कबुलीजबाब देतो आणि काही महिन्यांनी माफीचा साक्षीदार होतो.

कोर्टात तो सांगतो: पैसे कधी निघणार ते सुरेशनं फोनवर कळवलं. मी ऑटो बोळाच्या तोंडाशी लावला. प्रकाश कोपऱ्यावर पहारा देत होता. बबननं लोखंडी रॉडनं दोन वार केले, पिशवी घेतली, आम्ही भंडारा रोडकडे पळालो, रॉड मी नाल्यात टाकला.

कोर्ट आधी दिनेशला स्वतःलाच तपासतं, पुष्टीचं नंतर. ही दुहेरी कसोटी १९५७ साली सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी घालून दिली, साताऱ्याचा हा माणूस पुढे सरन्यायाधीश झाला. पहिली पायरी, हा साक्षीदार मुळात विश्वासाचा आहे का? दुसरी पायरी, त्याला पुष्टी आहे का? पहिल्या पायरीवरच तो पडला तर दुसरीवर जायचंच नाही. जी भिंत पायातूनच पोकळ आहे तिला बाहेरून टेकू देऊन उपयोग नसतो. सरकार पक्षाच्या इतर पुराव्याशी मुळातच विसंगत गोष्ट सांगणाऱ्या साक्षीदाराला त्या खटल्यात असंच बाजूला ठेवलं गेलं.

दिनेशची पहिली पायरी कशी तपासायची? इथे एक फार उपयोगी सोय आहे. माफी मिळालेल्या माणसाची साक्ष साधारणपणे दोनदा होते, आधी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, मग सेशन कोर्टात. शिवाय त्याचा जुना कबुलीजबाब कागदावर असतो. म्हणजे बचावाच्या वकिलाच्या हातात तीन वेळा सांगितलेली एकच गोष्ट असते आणि तीन प्रती शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात. चांगली उलटतपासणी इथेच होते, आवाज चढवून नाही. दिनेशच्या कबुलीजबाबात प्रकाशचं नावच नव्हतं असं निघतं. माफी मिळाल्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे तो म्हणाला, कोपऱ्यावर कोणीतरी होतं. सेशन कोर्टात तो "कोणीतरी" प्रकाश झाला. बाकी गोष्ट, वेळ, रस्ता, दोन वार, नाला, तिन्ही वेळा एकच.

म्हणजे दिनेश सगळाच खोटा आहे का? नाही. शवविच्छेदनात डोक्यावर दोनच जखमा आहेत, बोथट जड वस्तूच्या. पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात त्या वेळी त्याचा ऑटो दिसतो. एका बाबतीत त्याची गोष्ट फुगत गेली, पण तिचा कणा टिकला. कोर्ट म्हणेल, हा साक्षीदार टाकून देण्यासारखा नाही, पण याच्या तोंडून आलेलं प्रत्येक नाव वेगळं पारखायला हवं. इथे त्याचेच तिन्ही जबाब एकमेकांची पुष्टी म्हणून चालत नाहीत. बोमंट यांच्या त्याच निकालात सांगितलंय की डागाळलेला पुरावा पुन्हा पुन्हा सांगितल्यानं स्वच्छ होत नाही.

आता एकेक आरोपी.

बबनच्या घरातून, त्यानं पंचांसमोर दाखवल्या जागेतून, २ लाख ६० हजार रुपये जप्त झालेत. नोटांच्या गड्ड्यांवरच्या कागदी पट्ट्या तशाच आहेत आणि त्यांवर अडतीचा शिक्का आणि मुनीमजींच्या हाताचे आकडे आहेत. अडत्यानं त्या ओळखल्या, अक्षर तज्ज्ञानं जुळवलं. पंचांपैकी एक फितूर झाला, असं होतंच, पण दुसरा ठाम राहिला आणि पट्ट्या तर बोलतच नाहीत, फिरतही नाहीत. गुन्ह्यानंतर थोड्याच दिवसांत लुटीचा माल जवळ सापडला आणि तो कुठून आला हे बबनला सांगता आलं नाही. हा पुरावा बबनला थेट गुन्ह्याशी जोडतो आणि यात दिनेशचा शब्द कुठेच नाही. बबनपुरती पुष्टी पुरी झाली.

सुरेशचं जरा नाजूक आहे. त्याच्याकडे एक पैसा सापडला नाही. त्याच्या आणि बबनच्या फोनचे तपशील आलेत. त्या संध्याकाळी तासाभरात अकरा कॉल, शेवटचा मुनीमजी निघण्याच्या चार मिनिटं आधी. बचाव म्हणतो, दोघं एकाच अडतीत काम करतात, बोलणारच. हा युक्तिवाद हलका नाही आणि नुसते अकरा कॉल एवढंच असतं तर तो चालला असता. पण सरकार पक्षानं मागच्या दोन महिन्यांचे तपशील काढून ठेवलेत: एरवी दिवसाला एखादा कॉल, बरेच दिवस एकही नाही. आणि त्या शेवटच्या कॉलनंतर अटकेपर्यंत दोघांत एकही कॉल नाही, एकाच अडतीत काम करूनही. शिवाय त्या दिवशी रोकड इतवारीला जाणार हे मालक, मुनीमजी आणि सुरेश या तिघांनाच माहीत होतं, असं मालक सांगतो. तीनही गोष्टी परिस्थितीजन्य आहेत, पण स्वतंत्र आहेत आणि तिन्हींचं बोट सुरेशकडे वळतं. इथे न्यायाधीशाची खरी मेहनत आहे. दुसरा एखादा न्यायाधीश यावर वेगळं मतही देईल. मला विचाराल तर सुरेशपुरती पुष्टी आहे, मात्र ती कॉलच्या संख्येत नाही. एरवी काय होतं आणि त्या दिवशी काय झालं, या फरकात ती आहे.

प्रकाशकडे ५ हजार सापडले, बिनखुणेचे. मजुराच्या घरात ५ हजार असणं हा गुन्हा नाही. त्याचा फोन घटनास्थळाजवळच्या टॉवरवर होता. पण त्याचं घरच तिथून तीनशे मीटरवर आहे, रोज रात्री त्याचा फोन त्याच टॉवरवर असतो. आणि उलटतपासणीत निघालं की दिनेशनं ऑटोचा हप्ता भरायला प्रकाशकडून उसने पैसे घेतले होते आणि महिन्याभरापूर्वी दोघांची चौकात मारामारी झाली होती. सरकारी वकील म्हणतील, बाकी सगळी गोष्ट खरी निघाली ना, मग हीच का खोटी? हाच तो फास आहे ज्याबद्दल बोमंट सांगत होते. आठ खरे निघाले म्हणून नववा खरा ठरत नाही. दिनेशच्या शब्दापलीकडे प्रकाशला त्या कोपऱ्यावर उभं करणारं काहीही नाही, म्हणून प्रकाश सुटायला हवा. तो निर्दोष आहे हे कोर्टाला कळलं असा त्याचा अर्थ नाही. त्याला गुन्ह्याशी बांधणारी दोरी सापडली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

एकाच साक्षीवर दोघांना शिक्षा आणि एकाची सुटका, हे बाहेरून विसंगत दिसतं. कळमन्यात निकालाच्या दिवशी लोक म्हणतील, दिनेश खरा तरी किंवा खोटा तरी. पण कायदा दिनेशला असा एका तराजूत तोलत नाही. जिथपर्यंत पुष्टी पोचते तिथपर्यंतच त्याचा शब्द चालतो.

पुष्टी अशी अर्ध्यावर थांबते तेव्हा काय होतं, याचं एक खरं उदाहरण आपल्या विदर्भातलं आहे. डिसेंबर १९४९ मध्ये गोंदियाला अन्नपुरवठा खात्याच्या एका अधिकाऱ्याच्या पाच वर्षांच्या मुलाचा खून झाला. त्या अधिकाऱ्याच्या हाताखाली काम केलेल्या, नोकरी गेल्याचा राग मनात असलेल्या माणसावर आरोप आला. सोबतच्या एका आरोपीनं कबुलीजबाब दिला आणि त्यात त्यालाही ओढलं. नागपूर हायकोर्टानं दोघांचीही फाशी कायम केली. कबुली देणाऱ्यानं पुढे अपील केलं नाही, दुसऱ्यानं केलं, आणि १९५२ साली सुप्रीम कोर्टात निकाल लिहिला विवियन बोस यांनीच, जे वर्षभरापूर्वीपर्यंत याच नागपूर हायकोर्टाचे प्रमुख होते.

इथे माफीचा साक्षीदार नव्हता, सहआरोपीचा कबुलीजबाब होता, आणि तो साक्षीपेक्षाही कमजोर. कारण साक्षीदार शपथेवर बोलतो, समोर उभा राहतो, त्याची उलटतपासणी होते. सहआरोपीचा कबुलीजबाब म्हणजे एक कागद, त्याला प्रश्न विचारता येत नाही. म्हणून बोस यांनी रीत सांगितली: तो कबुलीजबाब आधी बाजूला ठेवा. उरलेला पुरावा मांडा. त्यावर शिक्षा टिकते का बघा. टिकत असेल, पण मनात थोडी धाकधूक उरली असेल, तरच कबुलीजबाबाकडे धीर द्यायला म्हणून वळा. सुरुवात त्यापासून करू नका.

तसं केल्यावर काय उरलं? मृतदेह विहिरीत टाकण्याच्या कामात हा माणूस होता, हे स्वतंत्र पुराव्यानं दिसत होतं. पण खून त्यानं केला हे सांगणारा फक्त सहआरोपीचा कागद होता. सुप्रीम कोर्टानं खुनाची शिक्षा आणि फाशी रद्द केली आणि पुरावा नष्ट केल्याबद्दल सात वर्षांची सक्तमजुरी दिली. पाच वर्षांच्या मुलाचा खून, सगळीकडे संताप, आणि तरीही पुरावा जिथे संपला तिथेच निकाल थांबला. हा निकाल मी वाचतो तेव्हा दर वेळी त्या मुलाच्या आईवडिलांचा विचार येतो आणि तरीही मला तो निकाल बरोबर वाटतो.

आता नव्या कायद्याचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. जुन्या १३३ ची जागा कलम १३८ नं घेतली आणि शब्द बदलले. जुनं कलम म्हणायचं, पुष्टी नसलेल्या साक्षीवर शिक्षा झाली तरी ती तेवढ्यानं बेकायदा नाही. नवं म्हणतं, पुष्टी मिळालेल्या साक्षीवर शिक्षा झाली तर ती बेकायदा नाही. एका शब्दाचा फरक, पण इतकी वर्षं जी सावधगिरी निकालांतून शिकवली जात होती ती आता कलमाच्या भाषेतच आली. संशयाचं ते जुनं उदाहरणही कलम ११९ मध्ये कायम आहे. पण जे खटले किंवा तपास त्या तारखेआधीच सुरू होते ते जुन्या कायद्यानंच चालतात, त्यामुळे अजून काही वर्षं कोर्टात दोन्ही पुस्तकं लागतील. पुष्टी कशाला म्हणायचं, हे मात्र नवीन कलमात लिहिलेलं नाही. त्यासाठी अजूनही बोस आणि गजेंद्रगडकर यांच्याकडेच जावं लागतं.

आणि साथीदार कोणाला म्हणायचं, त्यावरही एक शब्द. गुन्हा होताना जवळ असलेला प्रत्येक जण साथीदार नसतो. भीतीनं गप्प बसलेला शेजारी, बाहेर काय चाललंय याचा पत्ता नसलेला ऑटोवाला, लाचलुचपतवाल्यांनी पावडर लावलेल्या नोटा देऊन पाठवलेला तक्रारदार, हे साथीदार नव्हेत. ज्याच्या मनात गुन्ह्याचा हेतू होता आणि ज्यानं हात लावला, तो साथीदार. हे आधी ठरवलं नाही तर प्रामाणिक साक्षीदारालाही उगीच संशयाच्या फूटपट्टीनं मोजलं जातं.

त्या बाई पुढच्या तारखेला परत भेटल्या. यावेळी मला अर्धा तास होता, म्हणून कोर्टाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली बसून मी त्यांना हेच सगळं सांगितलं, कळमन्याच्या गोष्टीसकट. त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, मंग प्रकाश सुटला का? मी म्हटलं, सुटायला पाहिजे. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग पिशवीतून दोषारोपपत्राची दुमडलेली प्रत काढून माझ्यासमोर धरली आणि म्हणाल्या, "यात त्याच्या सांगन्याबाहेर माह्या पोराचं नाव कुठं कुठं येते, तेवढ्या पानायवर खूण करून द्या, साहेब."